नेटवर खापर फोडण्याआधी

मुरबाडहून सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं येतं, “मॅडम, तुमच्याकडचं नेट स्लो आहे.” तक्रार कोणत्या पानाची आहे, किती वाजता झाली, पडद्यावर काय आलं, यातलं काहीही विचारण्याआधी हे वाक्य येतं. फोन मुरबाडचा, म्हणजे नेट स्लो असणारच, असं त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. आमच्या पतसंस्थेत हे वाक्य इतक्यांदा ऐकलं गेलं की शेवटी संचालकांनाही ते खरं वाटू लागलं. डबल नोंदी, रात्री उशिरा होणारी दिवसअखेर, खातेदारांची चिडचिड, सगळ्याचं खापर माझ्या टेबलावर फुटलं. कंपनीचं म्हणणं चुकीचं होतं हे मी पुढे पुराव्यानिशी दाखवलं, आणि तो पुरावा ज्या ब्राउझरमध्ये आम्ही रोज काम करतो त्याच ब्राउझरमध्ये होता. दुसऱ्या संस्थांमध्ये माझ्यासारखे जे कर्मचारी हे बोल ऐकून घेत असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मनातला राग अजून गेलेला नाही, तोही यात येणार.

त्रास मुख्यतः संध्याकाळचा. पिग्मी एजंट बाजारपेठ फिरून येतात आणि काउंटरवर दिवसभराची यादी अपलोड होते. बटण दाबलं की चक्र फिरत राहायचं. मिनिटभर वाट पाहिल्यावर लाल पट्टी यायची, “Something went wrong. Please try again.” पुन्हा प्रयत्न करा असं सॉफ्टवेअरच सांगतंय म्हटल्यावर काउंटरवरची मुलगी पुन्हा बटण दाबायची. दुसऱ्या दिवशी पासबुक भरायला आलेल्या भाजीवाल्या आजी सांगायच्या, बाई, मी शंभरच दिले होते, इथे दोनदा शंभर कसे? आजी प्रामाणिक म्हणून सांगायच्या. न सांगणारेही असतात, आणि ते तेरीज जुळवताना रात्री आम्हालाच शोधावे लागायचे. उलट नोंदी टाकून टाकून आमचे डोळे गेले. कंपनीने लेखी काय कळवलं? “अस्थिर इंटरनेट आणि वापरकर्त्याने बटण दोनदा दाबणे.” वापरकर्ता म्हणजे आम्ही.

त्यांच्याच सल्ल्याने संस्थेने मुरबाडच्या मुख्य कार्यालयात आणि शहापूर शाखेत नवी फायबरची लाइन घेतली. स्पीड टेस्ट लावली की आकडा झकास दिसायचा. यादी मात्र तशीच अडकायची. सभेत मला विचारलं गेलं, “लाइन कुणाची घ्यायची ते तुम्हीच ठरवलं होतं ना?” तो प्रश्न मी विसरलेले नाही.

आसनगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला माझा भाचा एकदा कार्यालयात आला होता. माझं रडगाणं ऐकून तो म्हणाला, “मावशी, स्पीड टेस्ट बघून काय कळणार? ती दुसऱ्याच सर्व्हरशी बोलते. तुमचं पान कुणाशी बोलतंय आणि कुठे थांबलंय ते बघ. F12 दाब.” मला वाटलं होतं ती प्रोग्रामर लोकांची खिडकी, आपण हात लावला तर काहीतरी बिघडेल. तसं काही होत नाही. Network या टॅबमध्ये नुसतं पाहिल्याने नोंदी बदलत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, कारण भीतीपोटीच आपण तिथे जात नाही.

आता ते कसं पाहायचं. क्रोममध्ये संस्थेचं पान उघडा, F12 दाबा (लॅपटॉपवर ते बटण आवाजाचं किंवा उजेडाचं असेल तर Ctrl+Shift+I) आणि वर Network निवडा. हा टॅब रिकामा दिसेल, कारण खिडकी उघडी असेल तेव्हापासूनच तो टिपायला लागतो. गोष्ट अडकल्यावर उघडून उपयोग नाही. आधी उघडायचा, मग काम करायचं. वर Preserve log नावाची चौकट आहे तिच्यावर खूण करा, नाहीतर पान बदललं की आधीची सगळी यादी पुसली जाते आणि नेमकी बिघडलेली ओळ हातची जाते. मग Fetch/XHR वर टिचकी मारा. चित्रं, रंगरूप वगैरे बाजूला होतं आणि पानाने सर्व्हरकडे केलेल्या मागण्याच तेवढ्या उरतात. प्रत्येक ओळ म्हणजे एक मागणी. तिच्यापुढे Status, Size, Time असे रकाने असतात. Time या शीर्षकावर टिचकी मारली की वेळेनुसार क्रम लागतो, आणखी एकदा मारली की तो उलटतो. सर्वांत वेळखाऊ मागणी वर येईपर्यंत टिचकी मारायची. तीच आपल्याला हवी.

आमच्या पानावर एजंटची दिवसवही उघडताना पंधरा-वीस ओळी आल्या. एक सोडून बाकी सगळ्या डोळ्याचं पातं लवतंय तोवर आटोपल्या होत्या. उरलेल्या एकीचं नाव daybook आणि तिच्यापुढे 41.58 s. Status मात्र 200, म्हणजे उत्तर नीट आलेलं. पान “स्लो” होतं असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात पान ठीक होतं आणि त्यातली एक मागणी अडून बसली होती. त्या ओळीवर टिचकी मारून आतल्या Timing या भागात गेलो. तिथे हे होतं:

```
Queueing                       1.92 ms
Stalled                        2.31 ms
Request sent                   0.18 ms
Waiting for server response   41.36 s
Content Download              211 ms
```

यातले एक हजार ms म्हणजे एक सेकंद. पहिल्या तीन ओळी आपल्या बाजूच्या: मागणी रांगेत लागली, किंचित थांबली, निघाली. सगळं मिळून सेकंदाचा शंभरावा भागही नाही. शेवटची ओळ उत्तर उतरवून घेण्याची, पाव सेकंदाहून कमी. मधली ओळ म्हणजे मागणी निघाल्यापासून उत्तराचा पहिला अक्षरकण हाती येईपर्यंतची वाट, आणि ती एक्केचाळीस सेकंद. काही वेळा इथे DNS Lookup, Initial connection आणि SSL अशाही ओळी दिसतात. आमच्यात त्या नव्हत्या, कारण त्या सर्व्हरशी आधीच जोडणी झालेली होती आणि ब्राउझर तीच पुन्हा वापरत होता. त्या दिसल्या नाहीत म्हणून काही चुकलं असं समजू नका.

मी लगेच फोन उचलणार होते. भाच्याने थांबवलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. Waiting मध्ये फक्त सर्व्हरचा वेळ नसतो. मागणी मुरबाडहून तिकडे पोहोचायला आणि उत्तराचा पहिला कण परत यायला जो प्रवास लागतो तोही त्यातच मोजला जातो. कंपनी हेच बोट दाखवून पुन्हा नेटवर येणार. म्हणून त्याने एक साधी तुलना करायला लावली, आणि या लेखातलं सर्वांत कामाचं काही असेल तर ते हेच आहे. Fetch/XHR काढून All निवडलं, वर Disable cache वर खूण केली (नाहीतर चित्र आपल्याच संगणकाच्या साठ्यातून येतं आणि मोजमाप फुकट जातं), पान पुन्हा उघडलं आणि त्याच सर्व्हरवरून येणारी संस्थेच्या बोधचिन्हाची फाइल शोधली. ती तयार फाइल असते, सर्व्हरला काहीही हिशेब करावा लागत नाही, उचलायची आणि पाठवायची. तिचं Waiting होतं ८६ मिलिसेकंद. म्हणजे जाण्यायेण्याचा प्रवास जास्तीत जास्त तेवढाच. तीच लाइन, तेच मिनिट, तोच सर्व्हर, मग दिवसवहीला लागलेल्या एक्केचाळीस सेकंदांपैकी ८६ मिलिसेकंद नेटचे आणि बाकी सगळे सर्व्हरचे.

यात एक काळजी घ्यायची. दोन्ही मागण्यांच्या Headers मध्ये Remote Address पाहा, दोन्हीकडे तोच पत्ता हवा. काही कंपन्या चित्रं आणि तयार फाइली जवळच्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवतात, तेव्हा ही तुलना फसवी ठरते आणि समोरचा माणूस तेवढ्यावरून तुम्हाला गप्प करतो. आमच्याकडे पत्ता एकच होता.

आणि नव्या लाइनची गंमत पाहा, गंमत कसली, खर्च. दिवसवहीच्या ओळीत Size होता १८ केबी. दोन एमबीपीएसच्या साध्या लाइनवरसुद्धा एवढा मजकूर उतरायला सेकंदाचा दहावा भागही पुरेसा आहे. शंभर एमबीपीएस घ्या, दोनशे घ्या, एक्केचाळीस सेकंदांतून फार तर तेवढाच तुकडा वाचणार. महिन्याच्या बिलाचे पैसे आम्ही ज्या गोष्टीसाठी वाढवले ती गोष्ट अडलेलीच नव्हती. त्या सल्ल्याआधी त्यांनी एकदा हा टॅब उघडून पाहिला असता तर? त्यांचं तर हे रोजचं काम आहे.

पण खरा धक्का संध्याकाळी बसला. यादी अपलोड करायच्या वेळी मी टॅब उघडा ठेवून काउंटरवर उभी राहिले. upload नावाची ओळ आली, Status मध्ये (pending) असं लिहिलेलं, म्हणजे उत्तराची वाट चालू आहे. अशा वेळी पान बंद करू नका, नाहीतर तिथे (canceled) लागतं आणि ते आपणच केलेलं असतं. थांबलो. लाल पट्टी आली आणि त्याच क्षणी ओळ लाल झाली: Status 504, Time 1.0 min. Timing मध्ये जाऊन पाहिलं तर तिथेही 1.0 min, म्हणजे साठ सेकंद. दुसऱ्या एजंटची यादी, पुन्हा साठ सेकंद. किन्हवली शाखेला फोन करून त्यांच्याकडे बघायला सांगितलं, तिथेही साठ. वेगळी लाइन, वेगळं गाव, वेगळा संगणक, आणि मागणी मरायची वेळ तीच.

भाचा म्हणाला, नेट खराब असेल तर कधी बारा सेकंदांत तुटेल, कधी पस्तीस, कधी दीड मिनिट. दर वेळी बरोबर साठाला तुटतंय म्हणजे कुणीतरी साठावर घड्याळ लावून ठेवलंय. Response या भागात उत्तराचा मजकूर पाहिला तर तिथे “504 Gateway Time-out” आणि खाली nginx असं नाव. एनजिनएक्स हा कंपनीच्या दारात बसलेला सर्व्हर. मागणी आधी त्याच्याकडे येते, तो ती आतल्या हिशेबाच्या प्रोग्रामकडे देतो आणि उत्तराची वाट पाहतो. काही वेगळं सांगितलेलं नसेल तर तो साठ सेकंद वाट पाहतो (त्या सेटिंगचं नाव proxy_read_timeout), आणि तोवर आतून काही आलं नाही तर ५०४ लिहून मोकळा होतो.

मी त्या आकड्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. ५०४ हा आकडा त्यांच्या दारातून आलेला होता. म्हणजे आमची मागणी मुरबाडहून निघून त्यांच्यापर्यंत पोहोचली होती आणि त्यांचं उत्तर आमच्यापर्यंत आलं होतं. नेट तुटलं असतं तर हा आकडा आलाच नसता! Status च्या रकान्यात तीन अंकी आकडा आहे याचाच अर्थ समोर कुणीतरी आहे आणि त्याने उत्तर दिलंय. “नेट स्लो आहे” म्हणत जी लाल पट्टी त्यांनी इतके महिने आमच्या माथी मारली, ती त्यांच्याच सर्व्हरने “माझ्या आतल्या माणसाने वेळेत काम केलं नाही” असं लिहून पाठवलेली चिठ्ठी होती. पानावर ती तशी न दाखवता गुळगुळीत इंग्रजी वाक्य दाखवलं जात होतं, एवढंच.

डबल नोंदींचं कोडंही तिथेच सुटलं, आणि हे पैशांशी संबंधित काम करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावं. ५०४ म्हणजे “काम झालं नाही” असं नाही. दारातल्या सर्व्हरने वाट पाहणं सोडलं, आतला प्रोग्राम मात्र काम करतच होता. यादीतल्या नोंदी त्याने जमा केलेल्या होत्या. त्यापुढचा एजंटच्या एकूण जमेचा हिशेब करण्यात तो अडकला होता. आमच्या काउंटरवर लाल पट्टी, आणि खात्यात पैसे जमा. मग “पुन्हा प्रयत्न करा” ऐकून दुसऱ्यांदा बटण दाबलं की तीच यादी दुसऱ्यांदा जमा. Payload या भागात दोन्ही मागण्यांत काय पाठवलं गेलं ते पाहिलं. तारीख तीच, एजंट तोच, रकमा त्याच, आणि ही यादी आधी आलेली आहे का हे ओळखायला लागणारा वेगळा क्रमांक कुठेही नव्हता. बँकेच्या व्यवहारांत असा क्रमांक असतो, म्हणजे दुसऱ्यांदा आलेली तीच मागणी सर्व्हर ओळखतो आणि पुन्हा जमा करत नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो ठेवलाच नव्हता, आणि दोष बटण दाबणाऱ्या मुलीचा!

म्हणून ५०४ किंवा ५०२ दिसला आणि मागणी पैसे जमा-नावे करणारी असेल (Method चा रकाना लावून घ्या, तिथे POST लिहिलेलं असेल) तर बटणाला हात लावू नका. आधी त्या खात्याचा उतारा उघडून नोंद पडली आहे का ते पाहा, मगच ठरवा. आम्ही काउंटरवर तसा कागद चिकटवला आणि त्या दिवसापासून डबल नोंदी थांबल्या. सॉफ्टवेअर तेव्हा सुधारलेलं नव्हतं.

कंपनीकडे हे सगळं पाठवलं. फोनवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, बाकी क्लायंटकडे असं काही नाही.” मी म्हटलं, बाकीच्यांचं मला सांगू नका, ही ओळ पाहा. त्यावर, “तुम्ही कुणाकडून करून घेतलंत हे?” मला त्या प्रश्नाचं फार वाईट वाटलं. पुरावा बरोबर की चूक हे पाहण्याआधी तो माझ्यासारखीने काढलाच कसा, याचं त्यांना आश्चर्य. मग त्यांनी सांगितलं की तुमची एचएआर फाइल पाठवा, म्हणजे त्या टॅबमधली सगळी नोंद एका फाइलमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर टाका म्हणाले.

ती मी पाठवली नाही, तुम्हीही अशी सहज पाठवू नका. त्या फाइलमध्ये प्रत्येक मागणीचं उत्तर असू शकतं, म्हणजे आमच्या बाबतीत खातेदारांची नावं, खाते क्रमांक, शिल्लक. शिवाय लॉगिन केल्यावर ब्राउझरला मिळालेली ओळख त्यात असू शकते, आणि ती ज्याच्या हाती पडली तो पासवर्डशिवाय तुमच्या नावाने आत शिरू शकतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लॉगिनच्या सेवा पुरवणाऱ्या ऑक्टा या अमेरिकी कंपनीत नेमकं हेच झालं. ग्राहकांनी मदतकक्षाला दिलेल्या अशाच फाइली चोरांच्या हाती लागल्या आणि त्यातल्या ओळखी वापरल्या गेल्या. आता क्रोममध्ये ती फाइल उतरवताना sanitized असा पर्याय आधी येतो आणि तो ती ओळख वगळतो, पण खातेदारांची माहिती उत्तरात असेल तर तो पर्याय तीही वगळेलच असं धरून चालू नका. मागणीचं नाव, Status, Timing आणि उत्तराच्या Headers मधली date ही ओळ, एवढ्याचे फोटो पुरतात. date महत्त्वाची, कारण ती सर्व्हरच्या घड्याळाची वेळ असते आणि त्यावरून त्यांना त्यांच्या नोंदवहीत नेमकी तीच मागणी शोधता येते. ती वेळ ग्रीनिच प्रमाणाची असते, आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. संध्याकाळी सातची अडचण तिथे दुपारी दीडची दिसेल, त्यावरून “त्या वेळी काहीच झालं नव्हतं” असं त्यांनी म्हटलं तर मान्य करू नका.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. आमच्याकडचं नेट खरोखर स्लो असतंच, कुठे असतं तेही सांगते. डोळखांबकडचा आमचा एजंट मोबाइलच्या क्रोमवरून यादी पाठवतो आणि त्याची तक्रारही “अडकतं” अशीच होती. मी आणि भाचा लॅपटॉप घेऊन तिकडे गेलो. फोनमध्ये यूएसबी डिबगिंग चालू करून तो केबलने जोडला आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये हा पत्ता टाकला:

```
chrome://inspect/#devices
```

तिथे फोनमधलं पान दिसतं, inspect दाबलं की फोनचा Network टॅब आपल्यासमोर. आणि चित्र पूर्ण वेगळं. Initial connection ला कधी एक सेकंद, कधी सात. बोधचिन्हाची इवलीशी फाइल, तिचं Content Download नऊ सेकंद. काही ओळींना आकडाच नाही, नुसतं (failed), आणि बाजूला net::ERR_CONNECTION_TIMED_OUT, कधी net::ERR_INTERNET_DISCONNECTED. तोच एजंट थोडा उंचावर गेला की सगळं सुरळीत, खाली उतरला की पुन्हा तेच. नेट खराब असतं तेव्हा सगळंच रखडतं, बोधचिन्हसुद्धा. एकच मागणी अडते आणि बाकीच्या धावतात, तेव्हा नेटला दोष देता येत नाही. डोळखांबच्या या टॅबचे फोटो मी मुद्दाम मुरबाडच्या फोटोंशेजारी ठेवून पाठवले, म्हणजे नेटची अडचण कशी दिसते हे आम्हाला कळतं, एवढं तरी त्यांना कळावं.

(failed) दिसलं म्हणजे दर वेळी नेटच, असंही नाही. आमच्या सरळगाव शाखेत एका संगणकावर net::ERR_BLOCKED_BY_CLIENT येत होतं. तो तिथल्या मुलाने जाहिराती बंद करायला टाकलेल्या एक्सटेन्शनचा उद्योग होता. काढलं, सुटलं. कंसातला शब्द वाचून थांबू नका, पूर्ण ओळ वाचा.

शेवटी वरिष्ठांपर्यंत लेखी पत्र गेलं तेव्हा कंपनीतल्या एका तरुण डेव्हलपरने स्वतः फोन केला. त्याने टाळाटाळ केली नाही, त्याचे आभार. त्याने त्याच दिवशी तपासलं. एजंटची एकूण जमा काढताना सर्व्हर व्यवहारांच्या तक्त्यातली एकूण एक नोंद, संस्था सॉफ्टवेअरवर आली तेव्हापासूनची, वाचून काढत होता, कारण एजंट आणि तारीख यांच्यावर इंडेक्सच लावलेला नव्हता. अनुक्रमणिका नसलेल्या खतावणीत एक खातं शोधायला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळी पानं उलटावी लागतात, तसं. पहिल्या वर्षी पानं थोडी होती म्हणून कुणाला जाणवलं नाही. नोंदी साठत गेल्या तसा वेळ वाढत गेला, आणि संध्याकाळी सगळ्या शाखा एकदम यादी चढवायला लागल्या की साठ सेकंदांची मर्यादा ओलांडली जायची. सकाळी एक्केचाळीस सेकंदांत का होईना उत्तर यायचं आणि संध्याकाळी ५०४ का, याचं कारण हे. रोज हळूहळू वाढत जाणारा Waiting हीच त्याची खूण होती. आम्ही महिन्यातून एकदा आकडा लिहून ठेवला असता तर तो चढ कुणालाही दिसला असता. आता आम्ही तसा लिहून ठेवतो.

इंडेक्स लावल्यावर तीच daybook ची ओळ मी पुन्हा उघडून पाहिली. Waiting ३९० मिलिसेकंद. लाइन तीच, संगणक तेच, गाव तेच.

कंपनीकडून पत्र आलं, “परफॉर्मन्स सुधारणा अपडेट यशस्वीरीत्या लागू केला आहे.” आधीच्या पत्रातली वापरकर्त्यावरची ओळ मागे घेतली नाही. काउंटरवरच्या मुलीला कुणी एका शब्दाने काही म्हटलं नाही. मी व्यवस्थापकांना विनंती करून दोन्ही पत्रं आणि Timing चे फोटो सभेच्या इतिवृत्ताला जोडून घेतले, म्हणजे तिच्या नावापुढे तो डाग राहायला नको.

तुमच्याकडे असं काही चालू असेल तर फोनवर वाद घालण्यात दिवस घालवू नका. फोनवरचं बोलणं कुणी लिहून ठेवत नाही. मेल करा, आणि त्यात चार गोष्टी हव्यातच: मागणीचं नाव, तिचा Status, Timing मधला सर्वांत मोठा आकडा आणि त्याच मिनिटाला त्याच सर्व्हरवरून आलेल्या साध्या फाइलचा Waiting. जमल्यास तेच काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एकदा करून पाहा. लाइन बदलूनही Waiting तेवढाच राहिला तर लाइनचा विषय तिथेच संपतो. ब्राउझर अद्ययावत ठेवा, Throttling च्या जागी No throttling आहे ना ते बघून घ्या, कारण तिथे चुकून Slow 4G राहिलं तर तुम्ही स्वतःच वेग अडवून ठेवलेला असतो आणि मोजलेले सगळे आकडे खोटे ठरतात.

सॉफ्टवेअरचा करार नव्याने करताना दोन ओळी घालून घ्या. पहिली, सर्व्हरच्या उत्तराची मर्यादा सेकंदांत लिहिलेली असावी आणि ती नेटच्या वेगाशी न जोडता Waiting वर मोजली जावी. दुसरी, पैसे जमा करणाऱ्या प्रत्येक मागणीला स्वतःचा क्रमांक असावा, म्हणजे तीच मागणी पुन्हा आली तर पैसे पुन्हा जमा होणार नाहीत. आमच्या करारात या दोन्ही ओळी आता आहेत. नव्या लाइनवर वर्षभर जादा भरलेले पैसे मात्र संस्थेला कुणी परत दिलेले नाहीत.